टेलिग्राम चॅनेलवरची आपली सूचना मागे घेताना: काय पुसले जाते, काय सदस्यांच्या हाती उरते

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांमध्ये टेलिग्राम चॅनेल हे सूचनाफलकाचे काम करते. अभ्यासिका, शिकवण्या आणि सराव परीक्षा घेणाऱ्या संस्था वेळापत्रक, आसनव्यवस्था, उत्तरतालिका असे सर्व काही तेथे टाकतात आणि काही मिनिटांत ते हजारो मोबाइलवर पोहोचते. अशा चॅनेलवर अ‍ॅडमिनने स्वतः टाकलेली एखादी सूचना चुकीची निघाली, तर ती पुसणे दोन-तीन सेकंदांचे काम आहे. परंतु त्या दोन-तीन सेकंदांत नेमके काय पुसले गेले आणि सदस्यांनी जे आधीच उतरवून घेतले किंवा पुढे पाठवले त्याचे काय झाले, याचा विचार बहुतेक वेळा पोस्ट पुसल्यानंतर सुरू होतो. तोपर्यंत हाताशी असलेली बरीचशी माहिती पोस्टबरोबरच निघून गेलेली असते. म्हणून या लेखात पुसण्याआधी, पुसताना आणि पुसल्यानंतर करावयाच्या गोष्टी क्रमाने मांडल्या आहेत.

समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. पुण्यातील एका अभ्यासिकेच्या सार्वजनिक चॅनेलला सुमारे 6,000 सदस्य आहेत. रविवारच्या सराव परीक्षेची आसनव्यवस्था म्हणून अ‍ॅडमिनने गुरुवारी सायंकाळी 7 वाजून 40 मिनिटांनी एक पीडीएफ टाकली. 8 वाजून 5 मिनिटांनी एका विद्यार्थिनीने कळवले की यादीत 180 परीक्षार्थींच्या नावांसमोर त्यांचे मोबाइल क्रमांकही छापले आहेत. कार्यालयासाठी तयार केलेली यादी चुकून चॅनेलवर गेली होती. शिवाय पोस्टच्या मजकुरात हजर राहण्याची वेळ सकाळी 9 ऐवजी 10 अशी पडली होती. एकाच पोस्टमध्ये दोन चुका आहेत, आणि त्या दोन्हींवरचा उपाय एकच नाही.

पुसावे की दुरुस्त करावे

टेलिग्रामवर चॅनेलमधील पोस्ट दुरुस्तही करता येते. Edit हा पर्याय वापरून मजकूर बदलता येतो आणि जोडलेल्या फाइलच्या जागी दुसरी फाइलही ठेवता येते. पोस्टचा क्रमांक आणि दुवा तोच राहतो, आणि पोस्टखाली ती बदलल्याची छोटी खूण दिसते. अशा दुरुस्तीचा एक मोठा फायदा आहे. सदस्य जेव्हा पोस्ट नेहमीच्या पद्धतीने फॉरवर्ड करतो, तेव्हा त्या प्रतीच्या माथ्यावर मूळ चॅनेलचे नाव येते आणि त्या नावावर बोट ठेवले की वाचक चॅनेलमधील मूळ पोस्टवर पोहोचतो. मूळ पोस्ट दुरुस्त केलेली असेल, तर कोणत्या तरी गटात जुनी प्रत वाचून शंका आलेला विद्यार्थी त्या नावावरून थेट योग्य वेळेपर्यंत येतो. पोस्ट पुसलेली असेल, तर त्याला संदेश सापडत नाही एवढेच कळते आणि जुन्या प्रतीतील 10 वाजताची वेळ त्याच्यापुरती खरीच राहते. म्हणून चूक केवळ वेळेची, तारखेची किंवा पत्त्याची असेल, तर पोस्ट पुसू नये, दुरुस्त करावी, असे माझे ठाम मत आहे.

येथे एक मर्यादा लक्षात ठेवावी. पोस्ट दुरुस्त केल्याची नवी सूचना सदस्यांच्या मोबाइलवर वाजत नाही. 7 वाजून 45 मिनिटांनी वेळ वाचून मोबाइल बाजूला ठेवलेला विद्यार्थी पुन्हा चॅनेल उघडेलच असे नाही. त्यामुळे दुरुस्तीबरोबर वेगळी शुद्धिपत्राची पोस्ट टाकावीच लागते. तसेच आधी फॉरवर्ड झालेल्या प्रतींमधला मजकूर मूळ पोस्टबरोबर बदलत नाही. त्या प्रती फॉरवर्ड झाल्या त्या क्षणी जशा होत्या, तशाच राहतात.

मोबाइल क्रमांकांची गोष्ट वेगळी आहे. तेथे वाचकाला योग्य माहितीपर्यंत आणण्याचा प्रश्न नसून चुकीची फाइल आणखी हातांत जाऊ न देण्याचा आहे, आणि प्रत्येक मिनिटाला ती कोणीतरी उतरवून घेत असते. फाइल बदलण्याचा मार्ग येथेही उपलब्ध आहे, परंतु त्यासाठी आधी क्रमांक वगळलेली यादी तयार करावी लागते, ती चढवावी लागते, आणि इंटरनेट मंद असेल तर तेवढा वेळ जुनी फाइल उघडीच राहते. पुसण्याची क्रिया मात्र एका दाबात पूर्ण होते. म्हणून व्यक्तींचे फोन क्रमांक, पत्ते, गुण, ओळखपत्रांच्या प्रती किंवा बँकेचे तपशील बाहेर गेले असतील, तर आधी पुसावे आणि नवी यादी नंतर सावकाश तपासून टाकावी. मूळ पोस्ट नाहीशी झाल्याने तुटलेला दुवा नंतर बऱ्याच अंशी सांधता येतो. ते कसे, हे पुढे येईल.

पुसण्यापूर्वीचे एक मिनिट

पोस्ट पुसली की तिची आकडेवारीही अ‍ॅडमिनच्या हातून जाते. ती पुढे कोठे गेली हे शोधण्याचा जो थोडाफार मार्ग असतो, तो त्या आकडेवारीतूनच जातो. म्हणून घाई असली तरी एक मिनिट थांबून तीन गोष्टी नोंदवून ठेवाव्यात, मात्र एका मिनिटाहून अधिक वेळ दवडू नये.

पहिली गोष्ट म्हणजे पोस्टचा दुवा. पोस्टवर दाबून Copy Link निवडले की दुवा मिळतो आणि सार्वजनिक चॅनेलमध्ये त्याच्या शेवटी पोस्टचा क्रमांक असतो. शुद्धिपत्रात आणि गटांच्या अ‍ॅडमिनना कळवताना नेमकी कोणती पोस्ट, हे सांगण्यासाठी हा क्रमांक उपयोगी पडतो. दुसरी गोष्ट म्हणजे डोळ्याच्या चिन्हाशेजारचा आकडा आणि पोस्ट टाकल्याची वेळ. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे View Statistics. हा पर्याय अगदी लहान चॅनेलना मिळत नाही. परंतु उदाहरणातील आकाराच्या चॅनेलला तो दिसतो. त्यात ती पोस्ट ज्या सार्वजनिक चॅनेलवर पुढे गेली त्यांची यादी Public Shares या शीर्षकाखाली मिळते आणि खासगी शेअरचा केवळ अंदाजे आकडा मिळतो. या यादीचा स्क्रीनशॉट घ्यावा. तो घेताना यादीतील फोन क्रमांक त्यात येणार नाहीत याची काळजी घ्यावी, नाहीतर एक प्रत पुसताना आपणच दुसरी तयार करू.

डोळ्याशेजारच्या आकड्याचा अर्थ जपून लावावा. तो केवळ आपल्या सदस्यांनी पाहिल्याचा आकडा नसतो, कारण फॉरवर्ड झालेल्या प्रती जेथे पाहिल्या जातात तेथील मोजणीही त्यातच मिळवली जाते. उलट, ज्याने चॅनेल न उघडता मोबाइलच्या पडद्यावर आलेल्या सूचनेतूनच मजकूर वाचला, तो त्या आकड्यात येत नाही. त्यामुळे 25 मिनिटांत 1,240 हा आकडा दिसला, तर 6,000 पैकी 1,240 जणांनी पाहिले, असा हिशेब मांडू नये. पोस्ट बरीच पसरली आहे आणि अजून पसरत आहे, एवढाच निष्कर्ष त्यातून काढावा. उदाहरणातील अ‍ॅडमिनला सार्वजनिक शेअरच्या यादीत तीन चॅनेल दिसली आणि खासगी शेअरचा आकडा साधारण 40 च्या घरात दिसला, असे धरू.

पुसण्याची क्रिया

पोस्टवर दाबून धरावे, Delete निवडावे आणि पुन्हा विचारल्यावर होकार द्यावा. व्यक्तिगत संभाषणात फक्त आपल्यापुरते की दोघांसाठी, असा प्रश्न येतो, तसा चॅनेलमध्ये येत नाही. याचे कारण चॅनेलच्या रचनेत आहे. सर्व सदस्य सर्व्हरवर असलेली एकच पोस्ट वाचत असतात, प्रत्येकासाठी तेथे वेगळी प्रत ठेवलेली नसते. त्यामुळे ती पोस्ट पुसली की चॅनेलमध्ये ती सर्वांसाठीच नाहीशी होते, आणि त्या जागी व्हॉट्सअ‍ॅपप्रमाणे संदेश पुसल्याची ओळही उरत नाही.

हक्कांच्या बाबतीत एवढे समजून घ्यावे की ज्या अ‍ॅडमिनला पोस्ट टाकण्याचा अधिकार आहे, त्याला स्वतः टाकलेली पोस्ट पुसता येते. दुसऱ्याने टाकलेली पोस्ट पुसण्यासाठी Delete Messages of Others हा वेगळा अधिकार लागतो. अडचण नेमकी येथे येते. पोस्ट एका अ‍ॅडमिनने टाकून तो प्रवासाला निघालेला असतो, चूक दुसऱ्याच्या लक्षात येते आणि त्याला Delete हा पर्यायच दिसत नाही. अशा वेळी चॅनेलच्या मालकाने त्याला तो अधिकार देणे किंवा स्वतः पोस्ट पुसणे, हे दोनच मार्ग उरतात. ज्या चॅनेलवर व्यक्तींची माहिती असलेल्या याद्या नेहमी जातात, तेथे हा अधिकार किमान दोन व्यक्तींकडे आधीपासून असावा.

पोस्ट अनेक फाइलींची मिळून झालेली असेल, तर सर्व निवडल्या गेल्या आहेत याची खात्री करावी. दिसायला एक असली, तरी त्यातील प्रत्येक फाइल हा स्वतंत्र क्रमांकाचा संदेश असतो, आणि घाईत एकच पुसली जाऊन बाकीच्या राहू शकतात. तीच सूचना शनिवारी आठवण म्हणून पुन्हा जावी यासाठी आधीच वेळ लावून ठेवली असेल, तर ती नियोजित संदेशांच्या यादीतून वेगळी काढावी लागते. मूळ पोस्ट पुसल्याने नियोजित प्रत रद्द होत नाही, आणि गुरुवारी मागे घेतलेली यादी शनिवारी स्वतः होऊन पुन्हा प्रकाशित झाली, तर सदस्यांना त्याचे स्पष्टीकरण देणे फार कठीण जाईल.

यानंतर चार ठिकाणी जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. चॅनेलला चर्चेचा गट जोडलेला असेल, तर प्रत्येक पोस्टची प्रत त्या गटात आपोआप जात असते. तेथे ती अजून दिसते का ते पाहावे आणि दिसत असल्यास गटाचा अ‍ॅडमिन म्हणून ती पुसावी. त्या प्रतीखालील प्रतिसादांत कोणी यादीतील नावे किंवा क्रमांक उतरवले असतील, तर तेही पुसावे लागतील. दुसरे ठिकाण म्हणजे सार्वजनिक चॅनेलचे वेबवरचे रूप. ते कोणालाही, टेलिग्रामचे खाते नसतानाही, पुढील पत्त्यावर पाहता येते:

```
https://t.me/s/चॅनेलचे_युजरनेम
```

येथील पोस्टही मूळ पोस्टबरोबर जाते. मात्र ब्राउझरच्या साठवलेल्या प्रतीमुळे फसगत होऊ नये म्हणून पान खासगी खिडकीत उघडून पाहावे. तिसरे ठिकाण म्हणजे चॅनेलमध्ये नसलेल्या किंवा साधा सदस्य असलेल्या एखाद्या सहकाऱ्याचा मोबाइल. अ‍ॅडमिनच्या पडद्यावर जे दिसते, त्यावरून सदस्याला काय दिसते हे पक्के कळत नाही. चौथे ठिकाण Recent Actions. अ‍ॅडमिनच्या कृतींची ही नोंद 48 तास राहते आणि तिच्यात पुसलेली पोस्टही दिसते. म्हणजे पोस्ट चॅनेलमधून गेली असली, तरी दोन दिवसांपर्यंत इतर अ‍ॅडमिनना ती तेथे वाचता येते. चौकशीसाठी ही सोय उपयोगी आहे. परंतु ज्या स्वयंसेवकाने ती यादी पाहू नये असे वाटते, त्याच्याकडे अ‍ॅडमिनपद असेल, तर यादी त्याच्या नजरेआड झालेली नाही, हे ध्यानात असू द्यावे.

सदस्यांकडे काय उरते

येथून पुढचा भाग अ‍ॅडमिनच्या हाताबाहेरचा आहे. तो नीट उलगडून पाहिला, तर शुद्धिपत्रात काय लिहावे आणि कोणाला काय विनंती करावी हे आपोआप ठरते.

ज्या सदस्याचा मोबाइल इंटरनेटला जोडलेला आहे, त्याच्या टेलिग्राममधून पोस्ट काही क्षणांत जाते. ज्याचा डेटा बंद आहे, त्याच्या मोबाइलवर आधी आलेली पोस्ट पुन्हा जोडणी होईपर्यंत तशीच दिसत राहते. गावाकडे जाणाऱ्या गाडीत बसलेला विद्यार्थी रात्री 11 वाजता यादी वाचत असेल, तर त्यामागे हेच कारण असते. पडद्यावर आलेली सूचनाही पोस्ट पुसल्यावर सहसा काढून घेतली जाते. परंतु अँड्रॉइड 11 पासून मोबाइलमध्ये सूचनांचा इतिहास ठेवण्याची सोय आहे आणि ती चालू असल्यास मागील 24 तासांत आलेल्या सूचनांचा मजकूर तेथे वाचता येतो. आपल्या उदाहरणात हजर राहण्याची चुकीची वेळ त्या इतिहासात राहू शकते. फोन क्रमांक मात्र पीडीएफच्या आत असल्याने तेथे येत नाहीत. याउलट अ‍ॅडमिनने क्रमांक थेट पोस्टच्या मजकुरात लिहिले असते, तर पहिल्या काही ओळींतील क्रमांक तेथेही राहिले असते.

फाइलीची गोष्ट याहून गंभीर आहे. सदस्याने ती मोबाइलच्या डाउनलोड फोल्डरमध्ये उतरवून घेतली असेल, तर ती आता त्याच्या मोबाइलची फाइल झालेली असते. पोस्ट पुसल्याने ती जात नाही. स्क्रीनशॉट, छापील प्रत किंवा संगणकावरील टेलिग्राममधून काढलेली चॅनेलची निर्यात यांनाही हेच लागू पडते. पुसलेले संदेश मुद्दाम राखून ठेवणारी, टेलिग्रामच्या मूळ अ‍ॅपमध्ये फेरफार करून बनवलेली अ‍ॅप वापरणारेही काही जण असतात, आणि त्यांच्यापर्यंत पोस्ट एकदा पोहोचली की ती परत घेता येत नाही.

फॉरवर्डचे स्वरूप नीट समजून घेण्यासारखे आहे. फॉरवर्ड म्हणजे मूळ पोस्टकडे उघडणारी खिडकी असावी, असा अनेकांचा समज असतो आणि मूळ पुसले की सर्व फॉरवर्डही रिकामे होतील, असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात फॉरवर्ड हा नव्या ठिकाणचा स्वतंत्र संदेश असतो. माथ्यावरचे चॅनेलचे नाव सोडले, तर मूळ पोस्टच्या अस्तित्वावर तो अवलंबून नसतो. त्याला जोडलेली फाइलही टेलिग्रामच्या सर्व्हरवर टिकते आणि मूळ पोस्ट पुसल्यानंतरही तेथून उतरवता येते. सदस्याने पोस्ट स्वतःच्या Saved Messages मध्ये ठेवली असेल, तर तोही एक फॉरवर्डच असतो, त्यामुळे तोही राहतो. फॉरवर्ड करताना पाठवणाऱ्याचे नाव लपवण्याचा पर्याय कोणी वापरला असेल, तर त्या प्रतीवर चॅनेलचे नावही नसते. अशी प्रत कोणी पुढे पाठवली, तर तिच्यावरून ती मूळ कोठली हे कळत नाही.

ही प्रत पुसण्याचा अधिकार कोणाकडे असतो? गटात गेलेली प्रत ज्याने पाठवली तो पुसू शकतो आणि त्या गटाचा अ‍ॅडमिनही पुसू शकतो. दोन व्यक्तींच्या संभाषणातील प्रत टेलिग्रामवर दोघांसाठी पुसता येते. दुसऱ्या चॅनेलवरची प्रत त्या चॅनेलचे अ‍ॅडमिन पुसू शकतात. मूळ चॅनेलच्या अ‍ॅडमिनला यांपैकी कोठेही हात घालता येत नाही. त्याच्याकडे फक्त विनंती करण्याचा मार्ग असतो. यादी टेलिग्रामवरून व्हॉट्सअ‍ॅपवर गेली असेल, तर घड्याळाकडे अधिक लक्ष द्यावे लागते, कारण व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणाऱ्याला सर्वांसाठी संदेश पुसण्याची मुभा सुमारे 60 तासच असते. गुरुवारी रात्री 8 वाजता वर्गमित्रांच्या गटात टाकलेली फाइल शनिवारी रात्रभरात पुसली नाही, तर रविवारी सकाळी ज्याने ती पाठवली त्यालाही ती इतरांच्या मोबाइलवरून काढता येणार नाही. म्हणून विनंती परीक्षा संपल्यावर न करता त्याच रात्री करावी.

शुद्धिपत्र आणि विनंत्या

पोस्ट पुसून झाल्यावर लगेच नवी पोस्ट टाकावी आणि ती आवाजासह जाऊ द्यावी, कारण येथे शांतपणे पाठवण्याचे प्रयोजनच नाही. पोस्टचे क्रमांक ओळीने वाढत जातात आणि पुसलेल्या पोस्टचा क्रमांक पुन्हा वापरला जात नाही. त्यामुळे मधला गहाळ क्रमांक पाहणाऱ्याला दिसू शकतो आणि ज्यांच्याकडे यादी पोहोचली आहे ते तर ती हातात धरूनच बसलेले असतात. काहीच न सांगता पोस्ट गायब केली, तर जुनी यादी रद्द झाली आहे हे त्यांना कळत नाही. शिवाय ज्यांचे क्रमांक बाहेर गेले, त्यांना ते दुसऱ्या कोणाकडून कळते, आणि ही गोष्ट मला सर्वांत अनुचित वाटते.

शुद्धिपत्राचा मजकूर असा असू शकतो: “आज सायंकाळी 7.40 वाजता या चॅनेलवर टाकलेली रविवारच्या सराव परीक्षेच्या आसनव्यवस्थेची पीडीएफ मागे घेतली आहे. त्या फाइलमध्ये परीक्षार्थींचे मोबाइल क्रमांक आमच्या चुकीने समाविष्ट झाले होते. ज्यांनी ती फाइल उतरवली असेल त्यांनी मोबाइलमधून आणि Saved Messages मधून ती पुसावी. ज्यांनी टेलिग्राम किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे पाठवली असेल त्यांनी तेथील संदेश आज रात्रीच सर्वांसाठी पुसावा. त्याच पोस्टमधील हजर राहण्याची वेळ चुकीची होती. योग्य वेळ रविवारी सकाळी 9 अशी आहे. क्रमांक वगळलेली नवी आसनव्यवस्था आज रात्री 9.30 वाजता याच चॅनेलवर येईल.” नवी यादी कधी येणार हे सांगणे फार आवश्यक आहे. ते सांगितले नाही, तर आपला आसन क्रमांक हवा असलेले विद्यार्थी एकमेकांकडे जुनीच फाइल मागत राहतात आणि ज्या प्रती पुसायच्या, त्यांचीच मागणी वाढते.

हे शुद्धिपत्र मूळ पोस्टला उत्तर म्हणून, तिच्यातील ओळी उद्धृत करून लिहू नये. टेलिग्रामवर उत्तरात उद्धृत केलेला भाग नव्या संदेशाबरोबर साठवला जातो आणि मूळ पोस्ट पुसल्यावरही तो राहू शकतो. अन्यथा चुकीची वेळ, आणि एखाद्या वेगळ्या प्रसंगी एखादा फोन क्रमांकही, आपल्याच शुद्धिपत्रात कायम राहील. शुद्धिपत्र स्वतंत्रपणे लिहून चॅनेलच्या माथ्यावर पिन करावे. आधी उल्लेखलेला तुटलेला दुवा येथे सांधला जातो. कोणत्याही गटातील जुन्या प्रतीच्या माथ्यावरील चॅनेलच्या नावावर बोट ठेवून येणाऱ्या वाचकाला मूळ पोस्ट मिळत नाही. परंतु तो चॅनेलमध्ये पोहोचतो आणि तेथे पिन केलेले शुद्धिपत्र त्याच्या डोळ्यांसमोर येते.

त्यानंतर पुसण्यापूर्वी घेतलेला स्क्रीनशॉट उघडावा. ज्या तीन सार्वजनिक चॅनेलवर पोस्ट गेली होती, त्यांच्या अ‍ॅडमिनना वैयक्तिक संदेश पाठवावा. त्यात आपल्या पोस्टचा क्रमांक, वेळ आणि पुसण्याचे कारण एका वाक्यात लिहावे आणि शुद्धिपत्राचा दुवा द्यावा. यादीची फाइल कोणती हे ओळखू यावे म्हणून ती पुन्हा जोडून पाठवण्याचा मोह टाळावा. बहुतेक अ‍ॅडमिन असे कळल्यावर लगेच पोस्ट काढतात, कारण त्यांच्या चॅनेलवरही तेच विद्यार्थी असतात. एखाद्याने प्रतिसाद दिला नाही, तर त्या पोस्टवर Report वापरून व्यक्तींची खासगी माहिती प्रकाशित झाल्याचे टेलिग्रामला कळवता येते. खासगी शेअरचा आकडा मात्र आकडाच राहतो. त्यामागील माणसे अ‍ॅडमिनला कधीच दिसत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचे साधन शुद्धिपत्र हेच असते, आणि म्हणून त्यातील शब्दरचनेवर एवढा भर दिला आहे.

चॅनेलचे वेबवरचे रूप शोधयंत्रांना वाचता येते. ते पान मूळ ठिकाणाहून गेल्यावरही शोधाच्या निकालात जुना मजकूर दिसत असेल, तर गूगलचे Refresh Outdated Content हे साधन वापरून तो निकाल ताजा करण्याची विनंती करता येते. पोस्ट 25 मिनिटांतच पुसली गेली असेल, तर बहुधा ही वेळ येणार नाही. अनेक दिवस जुनी पोस्ट मागे घेताना मात्र ही तपासणी करावी.

ज्या 180 जणांचे क्रमांक यादीत होते, त्यांना चॅनेलवरच्या पोस्टखेरीज थेट कळवावे. त्यांचे क्रमांक अभ्यासिकेकडे आहेतच. संदेशात कोणती माहिती किती वेळ उघडी होती, ती कधी पुसली आणि अनोळखी क्रमांकावरून अभ्यासिकेच्या नावाने शुल्क किंवा ओटीपी मागणारा फोन आल्यास तो अभ्यासिकेचा नाही, हे लिहावे. विद्यार्थ्याचे नाव, परीक्षेचे नाव आणि मोबाइल क्रमांक एकत्र हाती आले, की पैसे उकळणाऱ्याला विश्वास बसेल असे बोलणे सोपे जाते. त्यामुळे ही सूचना त्याच रात्री जायला हवी.

पुढच्या यादीच्या वेळी

चॅनेलच्या सेटिंगमध्ये Restrict Saving Content ही सोय आहे. ती चालू केली की सदस्यांना पोस्ट फॉरवर्ड करता येत नाही, फाइल साठवता येत नाही आणि मोबाइलवर स्क्रीनशॉट घेण्यावरही बंधन येते. हे बंधन पूर्ण चॅनेलला लागू होते. सूचनांच्या चॅनेलवर ते कायम चालू ठेवले, तर विद्यार्थ्यांना वेळापत्रकही मित्राला पाठवता येणार नाही आणि सूचनाफलकाचा अर्धा उपयोग संपेल. ते नंतर चालू केल्याने आधी गेलेल्या प्रतीही परत येत नाहीत. शिवाय दुसऱ्या मोबाइलने पडद्याचा फोटो काढणाऱ्याला ते थांबवू शकत नाही. म्हणून व्यक्तींची माहिती असलेल्या याद्यांसाठी, फक्त परीक्षार्थींचे, हे बंधन चालू असलेले वेगळे खासगी चॅनेल ठेवावे आणि मुख्य चॅनेल मोकळे राहू द्यावे, असे मला वाटते. कार्यालयाची यादी आणि प्रकाशित करावयाची यादी यांच्या फाइलींची नावेही वेगळी असावीत, कारण मोबाइलवर फाइल निवडताना आतला तक्ता दिसत नाही, फक्त नाव दिसते.

पिन केलेले शुद्धिपत्र रविवारची परीक्षा पार पडेपर्यंत माथ्यावर ठेवावे. त्यानंतर ते पिनमधून काढले तरी चालेल, परंतु पुसू नये, कारण शुद्धिपत्रही अनेकांनी पुढे पाठवलेले असते आणि त्या प्रतींच्या माथ्यावरील नावावरून येणारे वाचक पुढेही काही दिवस त्याच पोस्टपर्यंत येत राहतात.